ईमेल सिग्नेचरची तपासणी: काय काढावे, काय भरावे आणि डिस्क्लेमरचे काय करावे

चाकण किंवा भोसरीतल्या एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्यातून आलेला ईमेल उघडला, तर मजकूर दोन ओळींचा आणि त्याखालची सिग्नेचर पंचवीस ओळींची, असे पुष्कळदा आढळते. त्या पंचवीस ओळींत लोगो असतो, प्रमाणपत्रांची चिन्हे असतात, कागद वाचवण्याचे आवाहन असते आणि गोपनीयतेची लांबलचक सूचनाही असते. पण माल आज निघाला की नाही हे विचारण्यासाठी ज्याला फोन करायचा, त्याचा चालू क्रमांक मात्र सापडत नाही. विपणन विभाग बॅनर घालतो, गुणवत्ता विभाग प्रमाणपत्राचे चिन्ह घालतो, कायदा सल्लागार परिच्छेद देतो, आणि काढून टाकण्याचे काम मात्र कोणाकडेच दिलेले नसते.

पुढील तपासणी एका काल्पनिक पण अगदी नेहमीच्या नमुन्यावर केली आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक खासगी मर्यादित कंपनी आहे. तिला येथे ‘अबक’ म्हणू. सिग्नेचर तिच्या डिस्पॅच विभागाच्या व्यवस्थापकाची आहे. त्याला ईमेल करणारे लोक म्हणजे ग्राहक कंपन्यांचे खरेदी अधिकारी, वाहतूकदार आणि लेखा विभाग.

पहिली पायरी: प्रत्यक्षात काय जाते ते पाहणे

सेटिंगमध्ये दिसणारी सिग्नेचर आणि समोरच्याला मिळणारी सिग्नेचर या पुष्कळदा दोन वेगळ्या गोष्टी असतात. म्हणून तपासणीची सुरुवात सेटिंगपासून न करता आलेल्या ईमेलपासून करावी. कार्यालयाच्या संगणकावरून एक नवा ईमेल कंपनीबाहेरच्या स्वतःच्या पत्त्यावर पाठवावा, त्याला तिकडून उत्तर द्यावे, त्या उत्तराला पुन्हा कार्यालयातून उत्तर द्यावे, आणि शेवटी तोच संवाद मोबाइलवरून पुढे न्यावा. पत्ता बाहेरचाच असणे महत्त्वाचे आहे, कारण अनेक कंपन्यांत डिस्क्लेमर सर्व्हरवर जोडला जातो आणि तोही फक्त बाहेर जाणाऱ्या ईमेललाच. पाठवणाऱ्याच्या सेंट फोल्डरमध्ये तो दिसतच नाही. आपल्या नावाने रोज काय जाते आहे याची कल्पना नसलेले कर्मचारी म्हणूनच इतके असतात.

आलेला ईमेल हाती आला की त्यातली सिग्नेचर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवावी. नोटपॅडमध्ये चित्रे, रंग आणि दुवे गळून जातात आणि केवळ अक्षरे उरतात. अबकच्या नमुन्यात या चाचणीनंतर नाव आणि मोबाइल क्रमांक दोन्ही नाहीसे झाले, कारण ते एका सुबक चित्रात बसवलेले होते. उरले ते काय, तर फॅक्सचा क्रमांक, झाडाविषयीची ओळ आणि डिस्क्लेमर. ज्यांचा ईमेल प्रोग्रॅम बाहेरची चित्रे आपोआप दाखवत नाही त्यांना, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकांनाही, जवळपास एवढेच मिळते. शिवाय चित्रातल्या क्रमांकावर बोट ठेवून फोन लावता येत नाही आणि सहा महिन्यांनी इनबॉक्समध्ये तो शोधूनही सापडत नाही.

मराठी मजकूर असलेल्या सिग्नेचरची आणखी एक खास अडचण या चाचणीत उघडी पडते. लेटरहेडसाठी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला पत्ता तसाच उचलून सिग्नेचरमध्ये टाकला असेल, तर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. असा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावा. फॉन्ट बदलून तो सुधारत नाही.

दुसरी पायरी: प्रत्येक ओळीला एकच प्रश्न

नोटपॅडमधला मजकूर आणि गळालेल्या चित्रांची यादी समोर ठेवून प्रत्येक घटकापुढे एक प्रश्न लिहावा: हे वाचून ईमेल मिळालेला माणूस काय करेल? फोन करेल, कुरिअर पाठवेल, योग्य नावाने उत्तर लिहील, कंपनीची नोंद पडताळेल, अशी एखादी कृती सांगता आली तर ओळ राहते. सांगता आली नाही तर ती कोणी घातली आणि कोणत्या नियमामुळे घातली हे विचारावे. या दुसऱ्या प्रश्नालाही उत्तर नसेल तर ओळ काढावी.

अबकच्या सिग्नेचरमध्ये या प्रश्नाने बरेच काही गेले. ‘आयएसओ 9001:2008’ असे चिन्ह होते. त्या आवृत्तीची प्रमाणपत्रे सप्टेंबर 2018 मध्येच अवैध ठरली आणि तेव्हापासून 2015 च्या आवृत्तीची प्रमाणपत्रे चालतात. म्हणजे हे चिन्ह नुसते अडगळ नव्हते, तर पुरवठादाराची कागदपत्रे तपासणाऱ्या ग्राहकाच्या मनात शंका उत्पन्न करणारे होते. नवे प्रमाणपत्र कंपनीकडे आहे, पण त्याची जागा वेबसाइटवर आणि पुरवठादार नोंदणीच्या अर्जात आहे. सोशल मीडियाच्या चिन्हांपैकी एक गूगल प्लसचे निघाले. ती सेवा सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी एप्रिल 2019 मध्ये बंद झाली. उरलेल्या चिन्हांवर खरेदी अधिकारी कशासाठी दाबेल हे कोणालाच सांगता आले नाही. झालेल्या प्रदर्शनाचा स्टॉल क्रमांक, बंद केलेल्या फॅक्सचा क्रमांक आणि गेल्या दिवाळीच्या शुभेच्छा यांवर वाद होण्याचे कारणच नव्हते. जीएसटी क्रमांकावर मात्र थोडी चर्चा झाली. तो बीजकावर असतोच, आणि ज्याला तो लागतो त्याच्या हाती बीजकही असते. त्यामुळे डिस्पॅच व्यवस्थापकाच्या सिग्नेचरमध्ये त्याची गरज नाही, पण लेखा विभागाच्या सामाईक पत्त्यावरून जाणाऱ्या सिग्नेचरमध्ये तो ठेवणे समंजसपणाचे आहे. एकाच कंपनीत सर्वांची सिग्नेचर अक्षरशः सारखी असलीच पाहिजे, हा हट्ट अनेक निरुपयोगी ओळींना जन्म देतो.

कागद वाचवण्याच्या ओळीबद्दल एकच सांगण्यासारखे आहे: जो ईमेल छापायचा आहे तो छापलाच जातो, आणि लांब सिग्नेचरमुळे कित्येकदा एक पान जास्त लागते.

लोगो ठेवायचा असेल तर एकच, लहान आणि मजकुराच्या खाली ठेवावा. त्याच्या नसण्याने कोणतीही माहिती हरवता कामा नये. पारदर्शक पार्श्वभूमीवरचा काळा लोगो डार्क मोडमध्ये दिसेनासा होतो, हे मोबाइलवर एकदा पाहून घ्यावे. लोगो ईमेलसोबत जोडून जात असेल तर काही ठिकाणी तो `image001.png` या नावाने जोडपत्र म्हणून दिसतो, आणि समोरचा माणूस चलन किंवा ड्रॉइंग आले असेल असे समजून ते उघडतो.

तिसरी पायरी: जे नाही ते भरणे

अडगळ डोळ्यांत भरते. उणीव भरत नाही. ती शोधण्यासाठी सिग्नेचर कंपनीबाहेरच्या एका माणसाला द्यावी, आणि केवळ तिच्या आधारे तीन कामे करायला सांगावीत: व्यवस्थापकाला फोन लावणे, नमुन्याचे पार्सल पाठवणे आणि उत्तराच्या सुरुवातीला त्याला नावाने संबोधणे.

फोनच्या बाबतीत अबककडे लँडलाइन होती, पण ती स्वागतकक्षात वाजत होती आणि विस्तार क्रमांक दिलेला नव्हता. मोबाइल क्रमांक चित्रातून काढून मजकुरात आणला आणि त्यापुढे +91 लावले, कारण काही ग्राहक परदेशात आहेत. लँडलाइन लिहितानाही पुण्याचा कोड 020 असा न लिहिता +91 20 असा लिहावा, म्हणजे देशात आणि देशाबाहेर दोन्हीकडून तो चालतो. दोन क्रमांक द्यायचे असतील तर कोणता केव्हा वापरायचा हे दोन शब्दांत सांगावे. तीन क्रमांक दिले की समोरचा माणूस कोणताच न लावता ईमेल करतो. ईमेलचा पत्ता प्रेषकाच्या ओळीत असतोच, तरी सिग्नेचरमध्ये तो असावा. पुढे पाठवलेल्या किंवा छापलेल्या ईमेलमध्ये प्रेषकाचे केवळ नाव उरते आणि पत्ता गळतो.

पार्सलच्या चाचणीत खरी चूक सापडली. सिग्नेचरमध्ये एकच पत्ता होता आणि तो कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा, म्हणजे शहरातल्या एका इमारतीतल्या छोट्या कार्यालयाचा. माल उतरतो तो कारखान्यात. लहानमोठ्या कंपन्यांत ही स्थिती सर्रास असते, आणि नोंदणीकृत कार्यालय संचालकांच्या घरी किंवा सनदी लेखापालांच्या पत्त्यावर असेल तर पार्सल तिथल्या सुरक्षारक्षकाकडे पडून राहते. उपाय म्हणजे दोन्ही पत्ते वेगळ्या नावाने देणे: ‘कारखाना व मालाची पावती’ असा एक आणि ‘नोंदणीकृत कार्यालय’ असा दुसरा. पिन कोड दोन्हींना हवाच.

नावाच्या बाबतीत आद्याक्षरे आधी की आडनाव आधी, हा आपल्याकडचा जुना घोळ आहे. ‘एस. आर. पाटील’ एवढ्यावरून परदेशी माणसाला, आणि खरे तर आपल्यालाही, श्रीमान लिहावे की श्रीमती हे कळत नाही. पहिले नाव पूर्ण लिहिले की बहुतेक शंका मिटते. पदनामही बाहेरच्या माणसाला कळेल असे असावे. ‘उप व्यवस्थापक, ग्रेड दोन’ हे कंपनीच्या आतले वर्गीकरण आहे, ‘डिस्पॅच विभाग’ हे उपयोगी आहे.

चौथी पायरी: कायदा खरोखर काय मागतो

ज्या सिग्नेचरमध्ये 140 शब्दांचा डिस्क्लेमर होता, तिच्यात सीआयएन, म्हणजे कंपनीचा सरकारी नोंदणीतला ओळख क्रमांक, नव्हता. हा विरोधाभास अबकपुरता नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 12 नुसार कंपनीने आपली सर्व व्यावसायिक पत्रे, बिले, लेटरहेड, सूचना आणि इतर अधिकृत प्रकाशने यांवर कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि सीआयएन छापला पाहिजे, आणि त्यासोबत दूरध्वनी क्रमांक व असल्यास फॅक्स, ईमेल आणि वेबसाइटही दिली पाहिजे. चूक चालू राहिली तर दिवसाला 1,000 रुपये, कमाल 1 लाख रुपये, असा दंड कंपनीवर आणि जबाबदार अधिकाऱ्यांवरही होऊ शकतो. कंपनीने गेल्या दोन वर्षांत नाव बदलले असेल तर जुने नावही द्यावे लागते. या यादीत ईमेलचा वेगळा उल्लेख नाही. परंतु आज दरपत्रके, मालाच्या तक्रारी आणि करारपूर्व बोलणी ईमेलनेच होत असताना तो व्यावसायिक पत्र नाही असे म्हणण्यात शहाणपण नाही, आणि एका ओळीचा खर्च काहीच नाही. ब्रिटनमध्ये तर कंपनीच्या ईमेलवर असा तपशील देणे नियमानेच बंधनकारक आहे. मर्यादित दायित्व भागीदारी असलेल्या संस्थेला तिच्या कायद्याच्या कलम 21 नुसार अधिकृत पत्रव्यवहारात नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि मर्यादित दायित्वाने नोंदलेली असल्याचे विधान द्यावे लागते. एकट्याची मालकी असलेल्या दुकानाला यातले काही लागू होत नाही.

सीआयएन लिहिताना तो 21 अक्षरांचा आहे ना, हे मोजावे. पहिले अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्यास L आणि नसल्यास U असते, त्यानंतर उद्योगाचे पाच अंक, मग राज्याची दोन अक्षरे, महाराष्ट्रासाठी MH, पुढे स्थापनेचे वर्ष, कंपनीचा प्रकार आणि शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक येतो. नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात गेले किंवा कंपनी बाजारात नोंदली गेली की हा क्रमांक बदलतो, आणि सिग्नेचरमध्ये जुनाच राहून जातो.

पाचवी पायरी: डिस्क्लेमर

अबकचा डिस्क्लेमर तीन भागांचा होता. पहिला भाग सांगत होता की हा ईमेल गोपनीय आहे आणि चुकून मिळाला असल्यास वाचणे, साठवणे किंवा पुढे पाठवणे निषिद्ध आहे. दुसऱ्यात मते कर्मचाऱ्याची वैयक्तिक असल्याचे म्हटले होते. तिसऱ्यात व्हायरसची जबाबदारी नाकारली होती. दहा ईमेलच्या संवादात तो दर वेळी चिकटला तर 1,400 शब्द होतात, आणि त्यांच्यामध्ये ‘माल गुरुवारी निघेल’ हे शब्द शोधावे लागतात.

पहिल्या भागाची अडचण अशी, की करारासाठी प्रस्ताव आणि त्याचा स्वीकार दोन्ही लागतात; 1872 च्या करार कायद्याचा पायाच तो आहे. ज्याने काहीही कबूल केलेले नाही अशा अनोळखी माणसावर पाठवणारा आपल्या एका परिच्छेदाने बंधन लादू शकत नाही. त्यातही तो परिच्छेद ईमेलच्या तळाशी असतो, म्हणजे जे वाचू नये असे सांगायचे ते वाचून झाल्यावरच तो दिसतो. वकील आणि अशील यांच्या पत्रव्यवहाराला जे संरक्षण मिळते, आणि जे 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे, तेही त्या नात्यामुळे मिळते, तळाच्या सूचनेमुळे नव्हे. सूचनेचा उपयोग शून्य आहे असे मात्र म्हणता येणार नाही: माहिती गोपनीय असल्याची जाणीव मिळवणाऱ्याला करून दिली होती, हे दाखवायला ती थोडीफार मदत करू शकते. पण तीच सूचना कॅन्टीनच्या बदललेल्या वेळेच्या ईमेलखालीही असेल, तर ती पाहून कोणाला काही वेगळे जाणवले असेल असे मानणे कठीण आहे.

इथे अबकच्या कागदपत्रांत एक उपयोगाची गोष्ट सापडली. एका ग्राहकासोबतच्या गोपनीयता करारात असे कलम होते की ज्या माहितीवर ‘गोपनीय’ असे स्पष्ट लिहिले असेल तीच संरक्षित समजली जाईल. अशा करारात सरसकट डिस्क्लेमरवर विसंबणे धोक्याचे आहे. ज्या ईमेलमध्ये ड्रॉइंग किंवा दर आहेत त्याच्या विषयाच्या ओळीत आणि पहिल्या वाक्यात तसे लिहावे, जोडपत्राच्या प्रत्येक पानावरही लिहावे, आणि बाकीचे ईमेल मोकळे ठेवावेत.

दुसरा भाग डिस्पॅच व्यवस्थापकाच्या बाबतीत हास्यास्पद ठरतो. तो माल पाठवण्याची तारीख देतो ती कंपनीच्या वतीनेच. ते त्याचे वैयक्तिक मत असेल तर ग्राहकाने त्यावर विसंबायचे कसे? तिसऱ्या भागापेक्षा अद्ययावत अँटिव्हायरस जास्त काम करतो.

डिस्क्लेमर काढण्याआधी कायदा सल्लागारांना एक नेमका प्रश्न लेखी विचारावा: हा मजकूर कोणत्या कलमामुळे, कोणत्या नियामकाच्या आदेशामुळे किंवा कोणत्या करारामुळे आवश्यक आहे? उत्तरात कलम किंवा करार आला तर तेवढेच वाक्य ठेवावे. ‘असलेले बरे’ असे उत्तर आले तर तो निर्णय संचालकांनी घ्यावा. कर्मचाऱ्याने कंपनीचा डिस्क्लेमर परस्पर काढू नये. कारण संपले तरी मजकूर कसा उरतो याचे ठळक उदाहरण अमेरिकेत घडले. तिथल्या ‘सर्क्युलर 230’ या नियमावलीच्या भीतीने करसल्लागार अगदी किरकोळ ईमेलखालीही एक ठरावीक इशारा जोडत असत. जून 2014 मध्ये संबंधित तरतूद काढून टाकण्यात आली आणि तो इशारा अनावश्यक झाला. अमेरिकी ग्राहकांचे करकाम करणाऱ्या मुंबई-पुण्यातील कार्यालयांनी आपल्या तळाशी तो अजून आहे का, हे अवश्य पाहावे.

चुकीच्या पत्त्यावर ईमेल जाणे ही भीती खरी आहे, पण तिचे उपाय पाठवण्याच्या आधीचे आहेत. जीमेलमध्ये `Undo Send` ची मुदत 5 सेकंदांवरून 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते. आउटलुकमध्ये बाहेर जाणारा ईमेल काही मिनिटे रोखणारा नियम करता येतो. दरपत्रकाच्या फाइलला पासवर्ड लावून तो फोनवर सांगावा. सूचना ठेवायचीच असेल तर माणसाने माणसाला सांगावे तशी एक ओळ पुरते: ‘हा ईमेल आपल्यासाठी नसल्यास कृपया कळवावे व काढून टाकावा.’

सहावी पायरी: नवी सिग्नेचर बसवणे

अबकची सिग्नेचर शेवटी अशी झाली:

```
नाव आडनाव
व्यवस्थापक, डिस्पॅच विभाग
अबक प्रायव्हेट लिमिटेड
मोबाइल (मालाची चौकशी): +91 xxxxx xxxxx
naav@example.com | www.example.com
कारखाना व मालाची पावती: प्लॉट, गाव, पिन कोड
नोंदणीकृत कार्यालय: पत्ता, पिन कोड
सीआयएन: 21 अक्षरे | दूरध्वनी: +91 20 xxxx xxxx
```

आठ ओळी झाल्या. 1995 मधल्या आरएफसी 1855 या इंटरनेट शिष्टाचाराच्या दस्तऐवजाने सिग्नेचर चार ओळींहून मोठी नसावी असे सुचवले होते. कंपनी कायद्याचा तपशील धरला तर ती मर्यादा पाळणे अवघड आहे, पण उत्तरांमध्ये ती सहज पाळता येते. म्हणून दोन सिग्नेचर कराव्यात: नव्या ईमेलसाठी पूर्ण, आणि उत्तरासाठी नाव, विभाग व मोबाइल एवढीच. जीमेलमध्ये `See all settings` मधील `General` या भागात `Signature defaults` खाली नव्या ईमेलसाठी आणि `On reply/forward` साठी वेगळी निवड करता येते. आउटलुकच्या सिग्नेचर खिडकीतही अशाच दोन निवडी आहेत.

सर्व्हरवरून जोडला जाणारा मजकूर कर्मचाऱ्याला बदलता येत नाही. ते काम आयटी विभागाचे. गूगल वर्कस्पेसमध्ये तो प्रशासकाच्या जीमेल सेटिंगमधील `Append footer` येथे असतो, मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये एक्सचेंजच्या मेल फ्लो नियमांत. एक्सचेंजच्या नियमाला अपवाद जोडून, डिस्क्लेमरमधले एखादे वाक्य ईमेलमध्ये आधीच असेल तर तो पुन्हा जोडू नये, असे सांगता येते. अपवाद नसेल तर संवादाच्या अगदी शेवटी एकाखाली एक तेच परिच्छेद साचतात. पहिल्या पायरीतल्या चाचणीत ते साचलेले दिसले तर कारण बहुधा हेच.

मोबाइलची सिग्नेचर संगणकापासून वेगळी असते आणि तिथे कित्येकदा ‘माझ्या आयफोनवरून पाठवले’ एवढेच जाते. जीमेल ॲपमध्ये `Mobile Signature` या नावाने ती भरावी लागते. त्यानंतर पहिल्या पायरीतली पूर्ण फेरी पुन्हा करावी, नोटपॅडसह. माणसांच्या ईमेलपेक्षा जास्त वेळ जुनी सिग्नेचर टिकून राहते ती अशा जागी जिथे कोणी पाहत नाही: हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून बीजकासोबत जाणारा ठरावीक मजकूर, रजेवर असतानाचे स्वयंचलित उत्तर, विक्री विभागाचे जतन केलेले टेम्प्लेट आणि `accounts@` सारखे सामाईक पत्ते. अबकमध्ये बंद फॅक्स क्रमांक शेवटी बीजकाच्या टेम्प्लेटमध्ये सापडला, आणि तो बदलण्यासाठी सॉफ्टवेअरच्या विक्रेत्यालाच बोलवावे लागले.